फरक ८० रुपयांचा

किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीचं एक पान. वर ‘मागील बाकी १२४०’. खाली ३/४ ला तेल-साखर ३८५, ७/४ ला डाळ १६२.५०, १०/४ ला जमा १०००, १४/४ ला साबण-चहा ११५ आणि १८/४ ला जमा ५००. शेवटी गोल करून बाकी ४०२.५०. हे पान स्प्रेडशीटमध्ये उतरवायला दहा मिनिटंही लागू नयेत. लागतात, कारण वही माणसासाठी लिहिलेली असते.

जुन्या देशी नाम्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असते. हे न पाहता पहिला स्तंभ उधारीचा धरला, तर सगळा हिशेब उलटा फिरतो. तारखांना साल नसतं, ते घालावं लागतं. शिवाय संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर ३/४ म्हणजे ३ एप्रिल नव्हे, ४ मार्च होतो. ‘११५/-’ जसंच्या तसं टाइप केलं, तर तो आकडा न राहता मजकूर होतो. असा मजकूर घराच्या डाव्या कडेला चिकटतो आणि SUM त्याला मोजतच नाही.

आता स्तंभ: A तारीख, B तपशील, C नावे, D जमा, E चालू बाकी. मागील बाकी ही खरेदी नाही, म्हणून ती C मध्ये न टाकता दुसऱ्या ओळीच्या E मध्ये ठेवायची. पुढचे दोन स्तंभ मात्र बहुतेक जण गाळतात, आणि खरी राखण तेच करतात: F मध्ये दुकानदाराने वहीत लिहिलेली बाकी, G मध्ये फरक. तिसऱ्या ओळीत E3 आणि G3 मध्ये अनुक्रमे ही सूत्रं घालून खाली ओढायची:

```
=E2+C3-D3
=IF(F3="","",E3-F3)
```

समजा, या पानावर प्रत्येक नोंदीपुढे बाकी लिहिलेली आहे. पहिल्या तीन नोंदींपुढे G मध्ये शून्य येतं. १४/४ ला वहीत ९०२.५० आणि शीटमध्ये ९८२.५०, म्हणजे फरक ८०. १८/४ लाही ८०च. फरक एका ओळीत उगवून पुढे तसाच टिकला, तर दोष त्या ओळीच्या नोंदीत किंवा दुकानदाराच्या तिथल्या बेरजेत असतो. तो एकाच ओळीत दिसून नाहीसा झाला, तर बहुधा फक्त लिहिलेली बाकी चुकीची वाचलेली असते.

८० म्हटलं की दशकाच्या जागी १ आणि ९ यांची गल्लत झाली का, ते आधी बघावं. घाईच्या देवनागरी अक्षरात हे दोन्ही फार जवळ येतात. इथे ११५ चे १९५ वाचले गेले होते. फरकाला ९ ने नि:शेष भाग गेला, तर २४५ चे २५४ व्हावेत तशी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यावा.

आणि चूक दुकानदाराचीच निघाली तर? वहीचा आकडा F मध्ये तसाच राहू द्यावा, G मधला फरकही पुसू नये, शेजारी शेरा लिहावा. गिऱ्हाइकाने पैसे दिलेत ते वहीतल्या बाकीवर. भांडण झालंच तर तोच आकडा मागितला जातो.