लेटरहेडवरची २१ अक्षरे

समजा, नाशिकमधल्या एका हॉटेलमालकाला स्वयंपाकघराचे काम करून घ्यायचे आहे. ठेकेदाराच्या कोटेशनवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि ‘२० वर्षांचा अनुभव’ असे ठळक छापले आहे, आणि त्याला चाळीस टक्के आगाऊ हवेत. सही करण्याआधी पाहायचा तो त्याचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक. कंपनी कायद्यानुसार तो लेटरहेडवर आणि बिलावर छापणे बंधनकारक आहे. छापलेलाच नसेल, तर पहिला प्रश्न तिथेच विचारावा.

नमुन्यादाखल एक काल्पनिक क्रमांक घेऊ: U74103MH2023PTC999999. पहिले U म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. नोंदलेली असती तर L असते. पुढचे पाच अंक व्यवसायाचा संकेतांक, MH म्हणजे महाराष्ट्र, 2023 हे स्थापनेचे वर्ष, PTC म्हणजे खासगी कंपनी आणि शेवटचे सहा अंक नोंदणी क्रमांक. वीस वर्षांच्या अनुभवाची कंपनी २०२३ची निघाली! यात लबाडी असेलच असे नाही. जुना धंदा नंतर कंपनीत बदललेला असू शकतो. पण मग जुन्या कामांची बिले मागावीत.

आकडे जुळवून खोटा क्रमांक कोणीही लिहील, म्हणून तो mca.gov.in या सरकारी संकेतस्थळावर कंपनीच्या ‘मास्टर डेटा’त शोधावा. तिथे नाव, नोंदणीकृत पत्ता, भांडवल आणि संचालक दिसतात. स्थितीपुढे Active हवे. Strike Off असेल, तर कंपनीचे नाव नोंदवहीतून काढलेले आहे. शेवटच्या ताळेबंदाची तारीखही पाहावी. ती तीन-चार वर्षांपूर्वीची असेल, तर कंपनी कागदपत्रे वेळेवर भरत नाही.

एवढे सगळे जुळले, तरी कंपनी अस्तित्वात आहे इतकेच ठरते. समोरचा माणूस तिचाच आहे, हे ठरत नाही. खऱ्या कंपनीचा क्रमांक उचलून आपल्या कागदावर छापणारेही असतात. त्यासाठी बिलावरचा जीएसटी क्रमांक पाहावा. त्यातले तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचे दहा वर्ण म्हणजे पॅन असतो, आणि कंपनीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर C असते. म्हणून जीएसटी क्रमांकातले सहावे अक्षर C हवे. तिथे P असेल, तर तो नंबर एका व्यक्तीचा आहे, कंपनीचा नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकापुढे येणारे नावही कंपनीचेच असले पाहिजे.

प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारी असेल, तर सीआयएन नसतोच, आणि एलएलपीचा क्रमांक वेगळा असतो. त्यात काही वावगे नाही. फक्त त्यांनी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणवून घेऊ नये.

करारात कंपनीचे नाव सीआयएनसकट लिहावे. सही करणारा संचालकांच्या यादीत नसेल, तर त्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव मागावा. आगाऊ रक्कमही कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरावी. मालकाच्या मोबाइल नंबरवर पाठवू नये.