सांगणारा एक, पाहणारी दुसरी

‘सुमती खिडकीशी उभी होती. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता मेला.’

ही दोन वाक्यं मी आत्ताच रचली आहेत. दोन्हींत ‘मी’ नाही, म्हणजे सांगणारा कथेबाहेरचा निवेदक आहे. मग दुसऱ्या वाक्यातला ‘मेला’ कुणाचा? निवेदकाचं पावसाशी काही वैर नाही. वैताग सुमतीचा आहे. बोलणारा तोच राहिला, पण पावसाकडे पाहणारी नजर तिची झाली, आणि मध्ये ‘असं सुमतीला वाटलं’ अशी पाटी कुणी लावली नाही.

फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेट याने 1972 साली हा भेद नेमका मांडला. तोवर ‘दृष्टिकोन’ या एकाच सदराखाली दोन प्रश्न कोंबले जात होते. गोष्ट कोण सांगतो हा एक, आणि गोष्टीतलं जग कुणाच्या जाणिवेतून आपल्यापर्यंत येतं हा दुसरा. या दुसऱ्या गोष्टीला त्याने फोकलायझेशन म्हटलं. आपल्याकडे वर्गात ‘कथा तृतीयपुरुषी आहे’ असं लिहून विश्लेषण संपवतात. त्यात पहिल्याच प्रश्नाचं उत्तर असतं, दुसऱ्याला कुणी हात लावलेला नसतो. ‘मी’ आला म्हणून तरी कुठे दोघं एक होतात? जेम्स जॉईसच्या ‘अ‍ॅरबी’ या कथेत एक मुलगा शेजारच्या मुलीवर भाळतो. कथेतला ‘मी’ म्हणजे हाच मुलगा, पण शब्दसंपत्ती जाणत्या माणसाची आहे. पाहतो मुलगा, सांगतो पुढे मोठा झालेला तोच.

हा भेद प्रत्यक्षात कसा वापरायचा, यासाठी कॅथरिन मॅन्सफिल्डची ‘मिस ब्रिल’ ही 1920 सालची छोटीशी कथा फार उपयोगी आहे. फ्रान्समधल्या एका गावात इंग्रजी शिकवणारी, एकटी राहणारी, उतारवयाकडे झुकलेली बाई दर रविवारी बागेत बँड ऐकायला जाते. त्या दिवशी तिने पेटीतून आपला जुना फरचा गळपट्टा काढून घातला आहे. बाकावर बसून ती लोक न्याहाळते, त्यांची बोलणी चोरून ऐकते. हे सगळं एक मोठं नाटक आहे आणि त्यात आपणही एक नटी आहोत, अशा कल्पनेने ती हरखून जाते. तेवढ्यात शेजारी बसलेला एक तरुण, आपल्या मैत्रिणीला जवळ ओढण्याच्या नादात, ही म्हातारी इथे येतेच कशाला, असं काहीतरी बोलतो. पोरगी त्या फरला हसते. तिला तो तळलेल्या मासळीसारखा दिसतो. मिस ब्रिल घरी जाते.

कथा ‘ती’ म्हणून सांगितली आहे. नजर कुणाची हे ठरवायला रोलाँ बार्तने 1966 साली एक चाचणी सुचवली होती. ‘ती’च्या जागी ‘मी’ घालून पाहा. सर्वनाम आणि क्रियापद सोडून काही बदलावं लागलं नाही, तर नजर त्या पात्राची. बागेतल्या जवळजवळ सगळ्या मजकुरावर ही चाचणी लागू पडते. गळपट्ट्याला घातलेली लाडिक हाक, उद्गारचिन्हं, बोलता बोलता अडखळणाऱ्या रेघा हे सगळं तिचं आहे. मॅन्सफिल्डने 1921च्या एका पत्रात लिहिलं आहे, की या कथेतल्या प्रत्येक वाक्याची लांबी आणि नादसुद्धा तिने त्या बाईला शोभेल असा निवडला होता.

पण नजर तिची आहे असं नोंदवून थांबलो तर हाती फारसं लागत नाही. त्या नजरेतून काय निसटतं हे शोधायला हवं. तिच्यासमोर एक बाई येते, डोक्यावर एर्मिनच्या फरची टोपी. ती टोपी, केस, चेहरा, सगळं कसं एकाच विटक्या रंगाचं झालं आहे, हे मिस ब्रिल बारकाईने टिपते. स्वतःच्या गळ्यातला फर मात्र तिला लाडका, खोडकर जीव वाटतो. त्याला कीड लागू नये म्हणून घातलेली पूड झटकावी लागली होती, नाक सैल झालं होतं, हे सगळं आपल्याला कळतं, पण तिच्याच कौतुकाच्या सुरात. तो खरोखर कसा दिसतो हे त्या पोरीच्या तोंडून कानावर पडेपर्यंत आपल्याला नीट कळत नाही, कारण तोवर आपल्याकडे दुसरे डोळेच नव्हते. निवेदकाला सांगता आलं असतं, पण त्याने स्वतःला तिच्या नजरेपुरतं बांधून घेतलं आहे.

यानंतर जे घडतं ते मला या कथेतलं सर्वांत धाडसी वाटतं. तरुणांच्या बोलण्यावर तिची प्रतिक्रिया येतच नाही. एरवी कुणाच्या टोपीबद्दलही मनात बडबडणारी ही बाई, आणि घाव बसल्यावर एक उद्गार नाही. मजकूर थेट बेकरीकडे वळतो. रविवारी ती मधाच्या केकचा तुकडा घेत असे, त्यात कधी बदाम निघाला तर तिला केवढं अप्रूप वाटे. हे तिच्या आनंदाच्या दिवसांचं आहे, त्यात तिचा सूर अजून उरला आहे. आज ती दुकानावरून पुढे गेली, जिना चढली, खोलीत बसली, ही मात्र बाहेरून दिसणाऱ्या हालचालींची कोरडी नोंद. निवेदक तोच आहे. मनाचं दार मात्र बंद झालं आहे. गळपट्टा ती न बघताच पेटीत ठेवते. कथाभर जी केवळ पाहत होती, ती आता पाहायचं नाकारते. झाकण लावताना तिला काहीतरी रडल्यासारखं ऐकू आलं, असं तिला वाटतं, एवढंच आपल्या हाती येतं. ‘शेवटी मिस ब्रिल रडते’ असं परीक्षेत लिहिणारा विद्यार्थी चूक नाही, पण कथेत हे वाक्य नाही. रडणं तिचं असलं तरी तिला ते पेटीतून येताना ऐकू येतं, आणि निवेदक दुरुस्ती करत नाही.

चाचणी कुठे अडते तेही याच शेवटात दिसतं. बागेत बाकांवरच्या मूक म्हाताऱ्यांकडे पाहून तिला वाटलं होतं, हे जणू अंधाऱ्या खोल्यांतून, नव्हे, कपाटांतूनच बाहेर आले आहेत. शेवटी तिच्या खोलीलाही तीच कपाटाची उपमा मिळते. ही उपमा कुणाची? ‘मी माझ्या कपाटासारख्या खोलीत गेले’ हे वाक्य व्याकरणाने चालतं, म्हणजे चाचणी ‘तिची’ म्हणते. तसं असेल तर तिला स्वतःची जागा त्या म्हाताऱ्यांत दिसली आहे. पण निवेदकाने तिचाच शब्द उचलून तिच्या नकळत तिच्यावर ठेवला असेल, तर ती अजूनही आंधळी आहे आणि पाहतो आहोत फक्त आपण. दोन्ही वाचनांना मजकुरात आधार आहे. मी दुसऱ्या वाचनाकडे झुकतो, कारण ज्या बाईला स्वतःचं रडणं पेटीतून येताना ऐकू येतं, तिला त्याच क्षणी आपली खोली कपाट आहे हे लख्ख दिसलं असेल, हे मला पटत नाही.