नखाखालची तार

बिदरच्या चौबाऱ्याजवळच्या गल्लीत बिदरी काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिरावर मी पूर्वी एक लघुकथा लिहिली होती. तिची पटकथा करून देण्याची फर्माईश झाली, तेव्हा आपलीच कथा असल्यामुळे हे काम आठवड्याभरात हातावेगळे होईल, अशा भ्रमात भालकीच्या माझ्या माडीवर मी कागद पसरून बसलो. हात कापू लागल्यामुळे खोदलेल्या चरीत चांदीची तार पूर्वीसारखी बसत नाही, हे त्या कारागिराला उमगले आहे, आणि मुलाला ते कळू नये यासाठी त्याच्या मनाची जी तगमग होते, ती मी कथेत दोन छापील पृष्ठांत वर्णिली होती. पटकथेचा दंडक मात्र असा की, जे डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढेच, आणि तेही वर्तमानकाळात, लिहावे. ‘त्याला वाटले’ हे दोन शब्द तेथे निरुपयोगी ठरतात, कारण ते छायाचित्रकाराने कोठे शोधावेत?

पहिल्या मसुद्यात मी पार्श्वनिवेदनाचा आश्रय घेतला. म्हणजे कथाच मोठ्याने वाचून दाखविली. दुसऱ्यात म्हातारा शेजाऱ्याजवळ मन मोकळे करू लागला. विचार डोक्यातून तोंडात आला एवढाच काय तो फरक पडला, आणि जी गोष्ट लपविण्यासाठी हा मनुष्य जिवाचे रान करतो, ती तो शेजाऱ्यास सांगून मोकळा झाला! तिसऱ्यात मी विझणारी चिमणी आणली. तिच्याविषयी न बोललेलेच बरे.

याच सुमारास गिरीश कासरवल्ली यांचा ‘तबरन कथे’ हा 1986 सालचा कन्नड चित्रपट पुन्हा पाहण्यात आला. पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या लघुकथेवरील या चित्रपटात, निवृत्तिवेतनाच्या मंजुरीसाठी दफ्तरोदफ्तर हेलपाटे घालणारा तबर, पत्नीचा सडत चाललेला पाय तोडून देण्याची विनंती घेऊन एका खाटकाकडे जातो. त्याची हताशा कोणी शब्दांत सांगत नाही. ती एका मागणीच्या रूपाने, दुसऱ्या माणसापुढे, उघड्या जागेत उभी राहते. माझ्या कारागिराचे मनही असेच त्याच्या पेशातील एखाद्या कृतीत शोधावयास हवे होते, चिमणीत नव्हे.

म्हणून पुन्हा त्या गल्लीत जाऊन बसलो. जस्त आणि थोडे तांबे यांच्या ओतीव भांड्याच्या, मोरचूद चोळून काळसर केलेल्या पृष्ठभागावर नक्षी खोदतात, चरीत तार ठोकून बसवितात, मग भांडे घासून, किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने धातू काळा करतात. चांदी तेवढी शुभ्र राहते. तार बसली की नाही हे पाहण्यासाठी माझ्या कथेतील म्हाताऱ्याला मी एक सवय दिली: तारेवरून अंगठ्याचे नख फिरविण्याची.

नवी दृश्ये अशी झाली. म्हातारा नख फिरवितो. तारेचे टोक उचलले जाते. जिन्यावर मुलाची पावले वाजतात, तसा तो थाळी पालथी घालतो. रात्री मुलगा थाळी उलटतो, नख फिरवितो, थांबतो. अंधारात बाजेवर म्हाताऱ्याचे डोळे उघडे. बाहेरच्या खोलीतून हातोडीचा अगदी हलका टकटक आवाज. सकाळी म्हातारा त्याच जागी नख नेतो. तार हलत नाही. मुलगा पाठमोरा, तोंड धूत आहे. संवाद एकही नाही. (खऱ्या बिदरात हे बापलेक दखनीत बोलले असते आणि माझी दखनी कच्ची आहे, तेव्हा या मौनात थोडी लबाडीही होती.)

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. त्या मापाने ही तीन मिनिटे झाली. मग मूळ कथा न वाचलेल्या आळंदच्या एका स्नेह्याला ही पाने देऊन, म्हातारा काय लपवितो, एवढेच विचारले.

‘‘म्हाताऱ्याला झोप लागत नसेल,’’ तो म्हणाला.

दोष त्याचा नव्हता. नख फिरविण्याचा अर्थ त्याला कोणी आधी शिकविलाच नव्हता. एखाद्या कृतीला मनाचा भार पेलावयाचा असेल, तर ती प्रथम निर्हेतुक, रोजच्या व्यवहारातील म्हणून दिसली पाहिजे. दुसऱ्या वेळी तीत जो फरक पडतो, तोच प्रेक्षक वाचतो. म्हणून आरंभी एक लहानसे दृश्य घातले: गिऱ्हाइकासमोर म्हातारा मुलाच्या हातची सुरई घेतो, नख फिरवितो, तार उचलली जाते, आणि तो एक शब्दही न बोलता ती मुलापुढे परत सरकवितो. त्याच स्नेह्याने ही पाने पुन्हा वाचली आणि रात्रीच्या टकटक आवाजाशी येऊन तो काही वेळ गप्प बसला.

एक गोष्ट मात्र साधली नाही. याच हातांनी चाळीस वर्षे केलेल्या कामाची उजळणी कथेतला म्हातारा एका वाक्यात करतो. त्यासाठी मी जुनी छायाचित्रे, भिंतीवरील दिनदर्शिका, सगळे करून पाहिले आणि सगळे खोडले. ते वाक्य कथेतच राहिले आहे.