हा टीएसएच कुठल्या डोसचा?

थायरॉइडची गोळी एकदा सुरू झाली की बहुतेकांना ती जन्मभर घ्यावी लागते, आणि गोळीबरोबर कागदही साचत जातात. चार लॅबचे रिपोर्ट, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, केमिस्टची बिलं, मोबाइलवर आलेल्या पीडीएफ. नव्या डॉक्टरांकडे गेलं की ही सगळी पिशवी टेबलावर रिकामी होते. भेट असते दहा मिनिटांची. मग वरचे एक-दोन रिपोर्ट पाहूनच डोस ठरतो आणि आधीच्या वर्षांची माहिती पिशवीतच राहते.

तीच माहिती एका पानावरच्या तक्त्यात नीट बसते. तारीख आणि आकडा लिहिणं सोपं आहे. खरी चूक होते ती डोस लिहिताना. रिपोर्ट पाहून डॉक्टर त्याच दिवशी नवा डोस लिहून देतात, म्हणून घरी तक्ता करणारा माणूस टीएसएच ७.९ आणि त्यापुढे ७५ असं मांडतो. वाचणाऱ्याला वाटतं, ७५ची गोळी चालू असताना टीएसएच ७.९ होता. प्रत्यक्षात तो ५०च्या गोळीवरचा असतो.

ही अदलाबदल किती महागात पडते, ते शरीरातला हिशेब पाहिला की कळतं. लेव्होथायरॉक्सिन रक्तातून हळूहळू ओसरतं. त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. रक्तात थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की तो वाढतो, जास्त झालं की उतरतो. म्हणजे आज हाती आलेला आकडा मागच्या दीड-दोन महिन्यांच्या गोळीचं उत्तर असतं. म्हणून डोसला दोन रकाने हवेत: ‘रक्त दिलं तेव्हा चालू असलेला’ आणि ‘त्यानंतर ठरलेला’. चालू डोस किती आठवडे घेतला, तेही लिहावं. सहा आठवड्यांच्या आत केलेल्या तपासणीपुढे खूण करावी, कारण तो आकडा अजून वाटेत असतो.

कागद लावताना रक्त दिल्याची तारीख धरावी. रिपोर्टची प्रत नंतर पुन्हा काढली असेल, तर छापल्याची तारीख भलतीच असू शकते. लॅबची सामान्य मर्यादा प्रत्येक ओळीत टिपून ठेवावी, कारण ती लॅबगणिक थोडी बदलते. एककांचा मात्र घोळ नाही. एका रिपोर्टवर मिलि-आययू प्रति लिटर आणि दुसऱ्यावर मायक्रो-आययू प्रति मिलिलिटर असलं, तरी आकडा तोच राहतो. डोस मायक्रोग्रॅममध्ये लिहावा. जुन्या चिठ्ठीवरचं ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १००ची गोळी. एक दिवस ५० आणि एक दिवस ७५ असं चालू असेल, तर रोजची सरासरी ६२.५ धरावी.

चिठ्ठी हरवली असेल तर केमिस्टचं बिल कामी येतं. त्यावर गोळी कितीची ते असतं, आणि आणखी एक गोष्ट कळते. १०० गोळ्यांची बाटली रोज एक घेतली तर सव्वातीन महिने पुरते. बिलं पाच-पाच महिन्यांच्या अंतरानं असतील, तर गोळ्या चुकत होत्या किंवा दुसरीकडून घेतल्या जात होत्या. हे पेशंटला रागावून नाही, शांतपणे विचारावं.

आता नमुन्यादाखल एका बाईंचा तक्ता पाहू. जागेसाठी लॅबची मर्यादा आणि आठवड्यांचा रकाना इथे गाळला आहे.

| रक्त दिलं | टीएसएच | तेव्हाचा डोस | नंतरचा डोस | शेरा |
|---|---|---|---|---|
| मार्च २०१५ | १८.४ | गोळी नाही | ५० | निदान |
| जून २०१५ | ७.९ | ५० | ७५ | |
| ऑगस्ट २०१५ | २.६ | ७५ | ७५ | |
| नोव्हेंबर २०१६ | २.९ | ७५ | ७५ | |
| सप्टेंबर २०१७ | ८.२ | ७५ | १०० | जुलैपासून लोहाची गोळी |
| फेब्रुवारी २०१८ | ०.१५ | १०० | ७५ | लोह नोव्हेंबरात बंद. छातीत धडधड |
| एप्रिल २०१८ | २.४ | ७५ | ७५ | |

नुसते रिपोर्ट तारखेनं लावले तर २.९, मग ८.२, मग ०.१५ असे आकडे दिसतात, आणि ‘यांचा थायरॉइड फार वर-खाली होतो’ असं वाटतं. डोस आणि शेरा शेजारी आल्यावर वेगळंच दिसतं. ७५च्या गोळीवर २०१५, २०१६ आणि २०१८ या तिन्ही साली टीएसएच अडीच-तीनच्या आसपासच आहे. बिघडलं ते फक्त २०१७ मध्ये. तेव्हा हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि बाई दोन्ही गोळ्या सकाळी एकदम घेऊ लागल्या. लोह आणि कॅल्शियम पोटात लेव्होथायरॉक्सिनला बांधून ठेवतात, मग ते पुरेसं रक्तात उतरत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात ते याचसाठी. इथे डोस १०० झाला, पुढे लोह थांबलं, आणि १००ची गोळी पूर्ण शोषली जाऊन जास्त झाली. टीएसएच असा दीर्घकाळ दबलेला राहिला, तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, उतारवयात विशेष.

म्हणून माझ्या मते शेऱ्याचा रकाना सगळ्यात मोलाचा आहे, आणि नेमका तोच लोक रिकामा सोडतात. गरोदरपण, वजनातला मोठा बदल, गोळीचा बदललेला ब्रँड, लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीची औषधं, चहाबरोबर घेतलेली गोळी, हे सगळं तिथे यावं. केस गळतात म्हणून घेतलेलं बायोटिनही लिहावं. ते रक्तातल्या संप्रेरकाला धक्का लावत नाही, पण काही लॅबच्या तपासणी-पद्धतीत अडथळा आणतं आणि टीएसएच खोटाच कमी दाखवतं. अशा ओळीपुढचा कमी आकडा पाहून डोस उतरवण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवून पुन्हा तपासणं बरं. टी४चा आकडा लिहिताना तो ‘फ्री’ आहे की ‘टोटल’, हे नोंदवावं. दोघांची एका रकान्यात सरमिसळ केली तर तुलनाच होत नाही.

तक्ता पाहून घरच्या घरी डोस बदलू नये, आणि प्रत्येक पेशंटला एकच मर्यादा लावू नये. पिट्युटरीच आजारी असेल तर टीएसएचवर विसंबता येत नाही. तिथे डॉक्टर फ्री टी४ पाहतात. गरोदरपणात गोळीची गरज वाढते आणि मर्यादाही वेगळी असते. थायरॉइडच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काही पेशंटचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. त्यांच्या तक्त्यात ०.१५ हा ठरवून गाठलेला आकडा असू शकतो. म्हणून डॉक्टरांनी टीएसएच किती ते किती ठेवायला सांगितला आहे आणि कधी सांगितला, हे तक्त्याच्या माथ्यावरच लिहावं.