एस्प्रेसोचे पहिले दहा सेकंद

घरच्या एस्प्रेसो मशीनवर हलक्या भाजणीची कॉफी काढणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. कप आंबट होतो, शिवाय पातळही लागतो. आंबटपणा घालवायला दळण आणखी बारीक केलं, तर धार एका कडेने फुटते, पिचकाऱ्या उडतात आणि कपात आंबट, कडू आणि तुरट अशा तिन्ही चवी एकदम येतात. प्री-इन्फ्युजन आणि फ्लो प्रोफायलिंगची सोय असलेली मशीन लोक घेतात ती बहुधा या कोंडीतून सुटण्यासाठी. पण ही सोय आंबटपणा नेमका कसा कमी करते, हे समजून घेतलं नाही तर महागडा व्हॉल्व्ह नुसता फिरवत बसायची वेळ येते.

सुरुवात दाबापासून करू. एस्प्रेसो म्हटलं की ९ बार हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, जणू पंपच तो दाब तयार करतो. पंप फक्त पाणी ढकलतो. दाब तयार होतो तो दाबून बसवलेली कॉफी त्या पाण्याला अडवते म्हणून. पोर्टाफिल्टरमध्ये कॉफीच नसेल तर पंप कितीही जोरात चालू द्या, दाबमापकाचा काटा जेमतेम हलेल. म्हणून मशीनवर आपल्या हातात खरी गोष्ट एकच असते, ती म्हणजे सेकंदाला किती पाणी आत सोडायचं. दाब किती होईल ते दळण, कॉफीचं वजन आणि त्या क्षणी कॉफी किती भिजली आहे यावर ठरतं.

लेलिट बियांका या इटालियन मशीनमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. तिच्या ग्रुपवर लाकडी मुठीचा एक दांडा आहे. तो फिरवला की आतला व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडतो आणि पाण्याचा वेग वाढतो. शेजारच्या मापकावर कॉफीवर पडणारा दाब दिसतो. हा ग्रुप ई-६१ घराण्यातला, म्हणजे फाएमा कंपनीने १९६१ मध्ये आणलेल्या रचनेतला. त्या मूळ रचनेतही पूर्ण दाब येण्याआधी काही क्षण कॉफी भिजेल अशी एक पोकळी होती. फरक इतकाच की तिथे तो वेळ यंत्राने ठरवलेला होता, इथे तो आपण ठरवतो.

आता पहिल्या काही सेकंदांत काय होतं ते पाहू. १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी बास्केटमध्ये दाबून बसवलेली आहे. ती कोरडी आहे, कणांमधल्या फटींत हवा आहे, आणि कितीही काळजी घेतली तरी तिची घनता सगळीकडे तंतोतंत सारखी नसते. कोरड्या पिठाच्या ढिगावर तांब्याभर पाणी एकदम ओतलं की पाणी वाट काढून निघून जातं आणि आत पिठाच्या कोरड्या गुठळ्या राहतात. इथेही तसंच होतं. पंप पहिल्याच क्षणी पूर्ण जोरात आला, तर पाणी जिथे कॉफी सैल आहे तिथून घुसतं, ती वाट रुंद करतं आणि उरलेलं सगळं पाणी तिथूनच जातं. याला चॅनेलिंग म्हणतात. त्या वाटेवरची कॉफी गरजेपेक्षा जास्त धुऊन निघते, तिच्यातून कडू आणि तुरट द्रव्यं येतात. बाजूची कॉफी अर्धवट राहते, तिच्यातून मुख्यतः आम्लं येतात, कारण कॉफीतली सायट्रिक आणि मॅलिक आम्लं पाण्यात चटकन विरघळतात. गोडवा आणि जडपणा देणारी द्रव्यं मागाहून येतात. आंबट आणि कडू एकाच कपात कसे, याचं उत्तर हे आहे.

प्री-इन्फ्युजनमध्ये पाणी आधी सावकाश सोडतात. व्हॉल्व्ह जेमतेम उघडून सेकंदाला तीन-चार मिलिलिटर पाणी दिलं, तर बास्केटमधली मोकळी जागा भरून कॉफी भिजायला साधारण दहा सेकंद लागतात. या काळात मापकाचा काटा शून्याच्या आसपास असतो. मग तो हळूहळू दोन-तीन बारवर येतो आणि बास्केटच्या तळाशी पहिले थेंब दिसतात. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर वापरत असाल तर नजर इथेच ठेवावी. थेंब तळभर सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी उमटले, तर कॉफी सारखी भिजली. एका कोपऱ्यात धार सुरू झाली आणि बाकीचा तळ कोरडाच दिसला, तर वाट आधीच पडली आहे आणि पुढे कितीही हुशारीने दांडा फिरवला तरी ती बुजणार नाही. दोष तेव्हा दळणाच्या गुठळ्यांत किंवा तिरक्या दाबण्यात असतो. बारीक सुयांनी पूड सारखी करून ती सपाट दाबणं हे काम व्हॉल्व्ह करून देत नाही.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. नुसत्या प्री-इन्फ्युजनने आंबटपणा कमी होतो असं सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. दळण तेच ठेवून फक्त भिजवण्याचा वेळ वाढवला, तर फरक पडतो पण थोडाच. भिजलेली कॉफी फुगते आणि सारखी बसते, त्यामुळे तीच कॉफी आता आणखी बारीक दळता येते आणि तरी ती फुटत नाही. खरा लाभ हा आहे. बारीक दळणातून जास्त द्रव्य विरघळतं, आणि ते जास्त विरघळणंच आंबटपणाला तोलून धरतं. म्हणून नवीन मशीनवर प्री-इन्फ्युजन सुरू केलं आणि ग्राइंडरला हातच लावला नाही, तर निम्मा फायदा वाया गेला असं समजावं.

आकड्यांनी हे स्पष्ट होतं. समजा, १८ ग्रॅम हलक्या भाजणीची, धुतलेली अरेबिका घेतली आणि ४० ग्रॅम कप काढला. पहिल्या प्रयत्नात पूर्ण जोर सुरुवातीपासून दिला आणि कपातल्या द्रवात साडेसात टक्के कॉफी विरघळलेली मिळाली. म्हणजे कपात ३ ग्रॅम कॉफी आली, मूळ पुडीच्या सुमारे १७ टक्के. हा कप टोचणारा आंबट लागेल. दुसऱ्या प्रयत्नात दहा सेकंद सावकाश भिजवलं, दळण बारीक केलं, मग दांडा उघडून दाब आठ-नऊ बारवर नेला. कप पुन्हा ४० ग्रॅमच, पण आता त्यात ९ टक्के विरघळलेलं आहे. म्हणजे ३.६ ग्रॅम, पुडीच्या २० टक्के. आम्लं याही कपात आहेत, पण त्यांच्या शेजारी गोडवा आला, म्हणून तोच आंबटपणा आता फळासारखा वाटतो. पाणी तेवढंच असताना त्यात ०.६ ग्रॅम जास्त कॉफी आहे, म्हणून कप दाटही लागतो. आंबटपणा उतरला आणि बॉडी वाढली, दोन्ही एकाच कारणाने.

आंबटपणा कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे कप लांबवणं. त्याच पहिल्या कपाला ५० ग्रॅमपर्यंत जाऊ दिलं तर आंबटपणा नक्की मऊ होईल, पण कप पातळ होईल, कारण शेवटच्या पाण्यात विरघळलेलं फार कमी असतं. दाटपणाची किंमत देऊन मिळालेला हा समतोल आहे. दुधाच्या कॉफीसाठी तर तो अजिबात चालत नाही, कारण दूध पातळ कपाला गिळून टाकतं.

पुढचा भाग उत्तरार्धाचा, आणि मला तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. कॉफी विरघळत जाते तशी पुडीची अडवण्याची ताकद कमी होते. दाब ९ बारवरच धरून ठेवला तर धार हळूहळू रुंद आणि फिकट पिवळी होते आणि शेवटचे दहा-बारा ग्रॅम काही क्षणांत कपात पडतात. हे पाणी कपाला पातळ करतं आणि जिभेवर तुरटपणा ठेवून जातं. स्प्रिंगच्या जुन्या लिव्हर मशीनमध्ये ही अडचण आपोआप टळत असे. स्प्रिंग सैल पडत जाते तसा दाबही उतरत जातो. बियांकावर तेच हाताने करायचं असतं. कप २५ ग्रॅमच्या आसपास आला की दांडा थोडा थोडा बंद करत दाब सहा, मग पाच बारवर आणायचा. तराजूवर बघत राहिलं की कळतं, वजन सेकंदाला दीड-दोन ग्रॅमच्या वेगाने चढत राहायला हवं. वेग वाढू लागला की दांडा आणखी मिटायचा. डिसेंट नावाच्या मशीनवर हे सगळं पडद्यावर आधी आखून ठेवता येतं आणि ती दरवेळी तसंच करते. तिथे हात चुकत नाही, पण कॉफी बदलली की आखणीही बदलावी लागते.

दाबाचा बॉडीशी आणखी एक संबंध आहे. नऊ बारच्या जवळ कॉफीतलं तेल बारीक थेंबांत फुटून पाण्यात मिसळतं आणि क्रेमा घट्ट होतो. कप जिभेवर जड वाटतो तो अंशतः यामुळे. संपूर्ण कप सहा बारवर काढला तर चव स्वच्छ आणि वेगवेगळी कळते, आंबटपणा ठळक होतो, पण क्रेमा विरळ आणि कप हलका राहतो. हलक्या भाजणीची फळांसारखी कॉफी नुसती प्यायची असेल तर मी सहालाच जाईन. कपुचिनोसाठी नाही.

हीच कृती मॉन्सून्ड मलबारवर केली तर काय होईल? पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या गोदामांमध्ये या बिया दमट वारा लागेल अशा पसरून ठेवतात. त्या फुगतात, फिकट होतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ निघून जातो. त्या गडद भाजल्या की ठिसूळ होतात आणि सहज विरघळतात. दहा सेकंद भिजवून, बारीक दळून काढलेला त्यांचा कप जड तर होतो, पण जळकट कडूही होतो, कारण तोलायला आम्लच उरलेलं नसतं. इथे तीन-चार सेकंदांचं भिजवणं पुरतं, दळण थोडं जाडसर घ्यावं आणि कप ३२-३४ ग्रॅमवर थांबवावा. शेवटी दाब उतरवण्याचा फायदा मात्र या कॉफीतही तितकाच मिळतो.

एक सावधगिरी. पाणी फार सावकाश, म्हणजे सेकंदाला एक-दीड मिलिलिटरने सोडलं, तर ते गार बास्केटमधून जाताना थंड होतं आणि कॉफीपर्यंत पोचेपर्यंत मशीनवर लावलेल्या तापमानाहून बरंच खाली येतं. हलक्या भाजणीच्या कॉफीला हे मानवत नाही, आंबटपणा परत येतो आणि माणूस दोष दळणाला देत राहतो. अशा वेळी पोर्टाफिल्टर मशीनला लावूनच चांगला तापवून घ्यावा, बॉयलर एक-दोन अंशांनी वर न्यावा, आणि दळण तसंच ठेवून पुन्हा चव घ्यावी.