ओव्हर संपल्यावरची दहा मिनिटं

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मानसोपचार परिचर्या शिकवते. रात्रपाळीनंतर चार ओळी लिहून ठेवा, असं मी त्यांना सांगत असते. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या डायरीतला हा मजकूर तिच्या आणि संबंधित सिस्टरांच्या परवानगीने देते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘ओव्हर देऊन झाली तेव्हा आठ वाजून गेले होते. ताई रोज ओव्हर संपली की पर्स उचलून बससाठी पळतात. आज थांबल्या. चौदा नंबरच्या आजींची शीर उजव्या मनगटापाशीच सापडते, हे मला दोनदा सांगितलं. स्वतःची कात्री माझ्या खिशात घातली. मागे एकदा सगळ्यांसमोर ओरडल्या होत्या, त्याबद्दल सॉरी म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या, डोक्यावर हात ठेवला. “नीट राहा गं.” पुढच्या आठवड्यात कुठली ड्यूटी आहे विचारलं, तर नुसत्या हसल्या. झोप येत नाहीये. नाइटमुळे माझंच डोकं फिरलंय का?’

शेवटचा प्रश्न रास्त आहे. रात्रभर जागलेलं मन दुसऱ्याचा चेहरा आणि आवाज वाचताना चुकतं. नसलेलं संकट त्याला दिसू शकतं, तसंच समोरचं संकट ‘जाऊ दे, उगाच’ म्हणून ते सोडूनही देऊ शकतं. म्हणून अशा वेळी ‘मला काय वाटलं’ यावर फार विसंबायचं नाही. आमच्याकडे रुग्णाशी झालेलं बोलणं रकाने पाडून लिहायची पद्धत आहे. एका रकान्यात त्याचे शब्द, दुसऱ्यात आपले, तिसऱ्यात आपण काढलेला अर्थ. या मुलीने दुपारी झोपेचा नाद सोडून तेच केलं.

पाहिलेल्या गोष्टींच्या रकान्यात कात्री, सॉरी, परत येणं आणि टाळलेलं उत्तर एवढंच होतं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला साधं कारण असू शकतं. बदलीची ऑर्डर आलेली सिस्टर हेच सगळं करेल. कात्री नर्सची अगदी खासगी वस्तू असते. हँडलला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव घातलेलं असतं आणि ती कुणी नेली तर वॉर्डात भांडण होतं. तरीही निरोपाची भेट म्हणून ती दिली जाऊ शकते.

मग काळजी कशाची करायची? एक तर माणसाच्या नेहमीच्या वागण्यात पडलेल्या फरकाची. जो रोजच रेंगाळतो, तो आजही रेंगाळला तर त्यात काही नाही. या ताई कधीच रेंगाळत नसत. दुसरं म्हणजे अशा खुणा एकत्र येण्याची. जपलेली वस्तू देऊन टाकणं, जुनं भांडण मिटवणं आणि पुढच्या दिवसांबद्दल बोलायचं टाळणं, हे एकाच सकाळी घडलं होतं. तिसरी गोष्ट मुलीला लिहिता लिहिता आठवली. गेले दोन-तीन महिने ताई कोमेजल्यासारख्या होत्या, डबा तसाच परत नेत होत्या. या आठवड्यात मात्र एकदम शांत, हलक्या वाटत होत्या. वॉर्डात सगळ्यांना बरं वाटलं, ‘सावरली बिचारी’ असं झालं. कारण न कळता अचानक आलेली अशी शांतता नेहमी सावरल्याचीच असते असं नाही. कधी कधी आतली घालमेल संपते, कारण माणसाने जीव द्यायचं मनाशी ठरवलेलं असतं.

यातून निदान होत नाही. विचारायचं कारण मात्र मिळतं आणि ते त्याच दिवशी विचारावं लागतं.

इथेच बहुतेकांचे पाय अडखळतात. आपण विद्यार्थिनी, त्या सीनियर स्टाफ. त्यांना हे कसं विचारायचं? आणि विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरला तर? ही भीती तपासून पाहिलेली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना पहिल्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं होतं, निम्म्यांना नव्हतं. दोन दिवसांनी तपासलं तेव्हा विचारलेल्या मुलांमध्ये तसे विचार किंवा अस्वस्थता वाढलेली आढळली नाही. ज्यांच्या मनात मुळात त्रास होता, त्यांचंही काही बिघडलं नव्हतं.

प्रश्न आडून विचारू नये. ‘तुम्ही तसलं काही करणार नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर हवं असतं, आणि तेच मिळतं. मुलीने फोन केला आणि आधी पाहिलेलं सांगितलं: “ताई, आज तुम्ही कात्री दिलीत, सॉरी म्हणालात, मला काळजी वाटली.” मग कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रश्नावलीच्या क्रमाने ती गेली. सकाळी जागच येऊ नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का? दुसऱ्या प्रश्नाला ताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग “हो” म्हणाल्या. असं उत्तर आलं की पुढे विचारायचं: कसं करायचं याचा विचार झालाय का, तसं करायचा इरादा आहे का, काही ठरवलंय का? शेवटचा प्रश्न, पूर्वी किंवा गेल्या तीन महिन्यांत तसं काही केलं होतं का, हा आधी ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही विचारायचा असतो. इरादा किंवा बेत असेल तर त्या माणसाला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही.

ताईंनी “कुणाला सांगू नकोस” म्हटलं. मुलगी म्हणाली, “तुमच्याजवळ बसेन, पण गुपित ठेवणार नाही.” हे वाक्य मला तिच्या सगळ्या डायरीत मोलाचं वाटतं. ती खोलीवर गेली, तिथूनच ताईंच्या बहिणीला आणि इनचार्ज सिस्टरांना फोन झाले, आणि दुपारीच तिघी ताईंना घेऊन मानसोपचार विभागात गेल्या. औषधांच्या कपाटाची चावी काही काळ ताईंकडे द्यायची नाही, नाइट लावायची नाही, हे डॉक्टर आणि इनचार्जनी ताईंना समोर बसवूनच ठरवलं. असे विचार लाटेसारखे चढतात आणि ओसरतात. लाट चढलेली असताना घातक वस्तू हाताशी नसेल, तर मधला वेळ निभावतो.

नोकरी जाईल, पोलिस येतील, या धास्तीने नर्स हे बोलत नाहीत. मनात विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसावरही, तो तीव्र ताणाखाली होता असं धरून, खटला चालवू नये, असं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 सांगतं. त्याला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असंही त्यात आहे. बदनामीची भीती मात्र कलमाने जात नाही. वॉर्डातली माणसं कुजबुजायची थांबली तरच ती कमी होते.

उपचार सुरू झाल्यावर मुलीला काय करायचं ते कळेना. रोज ‘बरं वाटतंय का?’ विचारणं जड होतं, न विचारणंही बरोबर वाटेना. मी तिला जेरोम मोटो यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. या सॅन फ्रान्सिस्कोच्या मनोविकारतज्ज्ञांनी, रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या माणसांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. ‘तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा’ अशा अर्थाची दोन-तीन वाक्यं, मागणी कसलीच नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण पत्रं न मिळालेल्यांपेक्षा कमी होतं.

मुलगी आता ताईंना आठवड्यातून एखादा मेसेज करते. उत्तर आलं नाही तरी करते. त्या पहिल्या दुपारी कुणाशी बोलावं हे तिला माहीत नसतं, तर 14416 हा टेली-मानसचा नंबर होता. तो दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं, आणि दुसऱ्या कुणाची काळजी वाटत असेल तरी फोन करता येतो.