एकाच वेळी २५ जखमी आले तर? ३० खाटांच्या रुग्णालयाची आपत्कालीन योजना कशी चालते

२० फेब्रुवारी २०२४ च्या रात्री बुलडाणा जिल्ह्यातल्या बिबी इथल्या ग्रामीण रुग्णालयाबाहेर झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या लटकवल्या होत्या. लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावात सप्ताहाच्या कार्यक्रमात एकादशीची भगर आणि आमटी खाल्ल्यानंतर सुमारे २०० जणांना पोटदुखी आणि उलट्यांचा त्रास सुरू झाला. त्यातले बरेचसे बिबीला आले. खाटा संपल्या आणि उपचार उघड्यावर सुरू झाले. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ किंवा सेनगावसारख्या ठिकाणची ग्रामीण रुग्णालयंही साधारण याच आकाराची, म्हणजे ३० खाटांची असतात. औंढ्यात महाशिवरात्रीला मोठी गर्दी लोटते, लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्या रात्री-अपरात्री धावतात. एकाच वेळी खूप रुग्ण आले, तर अशा रुग्णालयाने काय करायचं हे आधीच लिहून ठेवतात. तीच सामूहिक दुर्घटनेची योजना.

आधी कोण पोहोचतं?

एक उदाहरण घेऊ. समजा, रात्री साडेनऊला औंढ्याजवळ वऱ्हाडाचा टेम्पो उलटला आणि २५ जण जखमी झाले. रुग्णालयात ड्युटीवर एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि एक कक्षसेवक आहे.

पहिल्या दहा मिनिटांत जे येतात ते बहुतेक वेळा कमी जखमी असतात. ते चालू शकतात, म्हणून मिळेल त्या जीपमध्ये किंवा दुचाकीवर बसून निघतात. गाडीखाली अडकलेले, बेशुद्ध पडलेले लोक नंतर रुग्णवाहिकेतून येतात. पहिल्या दहा जणांना आल्या क्रमाने खाटा दिल्या, तर खरा गंभीर रुग्ण येतो तेव्हा खाट, डॉक्टर आणि ऑक्सिजन, तिन्ही अडकलेले असतात. योजनेला मुख्यतः हीच चूक टाळायची असते.

दारातच वर्गवारी

त्यासाठी सगळे रुग्ण एकाच दारातून आत घ्यायचे आणि दारातच त्यांची वर्गवारी करायची. वैद्यकीय भाषेत याला ट्रायाज म्हणतात. जागा पोर्चमध्ये, छताखाली आणि उजेडात हवी. एका रुग्णाला एक मिनिटापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही.

प्रौढांसाठी जगभर वापरली जाणारी एक सोपी पद्धत अशी आहे. जो चालू शकतो तो हिरवा. चालता येत नसेल तर श्वास पाहायचा. श्वास नसेल तर मान नीट करून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही तर काळा, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. ‘हात उचला’ असं सांगितल्यावर उचलता येत नसेल तरी लाल. यातलं काहीच नसेल, पण चालता येत नसेल, तर पिवळा.

रंगाची पट्टी आणि क्रमांक मनगटावर बांधायचा. नाव कळलं नाही तरी क्रमांकावरून नोंद राहते.

दारात उपचार दोनच: श्वासमार्ग मोकळा करणं आणि वाहतं रक्त दाबून किंवा घट्ट बांधून थांबवणं. वर्गवारी करणारा डॉक्टर टाके घालायला बसला की मागची रांग थांबते. त्या रांगेत पोटात रक्तस्राव झालेला एखादा रुग्ण गप्प पडलेला असू शकतो. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो, गप्प असलेल्याकडे आधी पाहावं लागतं.

आपल्या उदाहरणात समजा १५ हिरवे, ६ पिवळे, ३ लाल आणि १ काळा निघाला. हिरव्यांना ओपीडीच्या व्हरांड्यात बसवायचं. पिवळ्यांसाठी एक वॉर्ड, आणि लाल थेट आपत्कालीन कक्षात. मृतदेहासाठी नातेवाईकांच्या नजरेआड वेगळी खोली. आता ज्या कक्षाकडे डॉक्टरने धावायचं, तिथे २५ नाही, तीनच रुग्ण आहेत. पण दर १५ मिनिटांनी सगळ्यांना पुन्हा तपासायचं, कारण व्हरांड्यात बसलेला हिरवा रुग्ण अर्ध्या तासात लाल होऊ शकतो.

विषबाधेत रंग तेच राहतात, प्रश्न बदलतात: शुद्ध आहे का, नाडी कशी आहे, तोंडाने पाणी टिकतं का? ज्याला पिता येतं त्याला ओआरएस दिलं की सलाईन आणि खाट दोन्ही गंभीर रुग्णासाठी उरतात.

कुणी काय करायचं?

कागदावर व्यक्तीचं नाव न लिहिता काम लिहायचं, कारण त्या रात्री ड्युटीवर कोण असेल हे माहीत नसतं. प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं. उपस्थित डॉक्टर वर्गवारी सुरू करतो, पहिली परिचारिका लाल कक्ष उघडते, दुसरी फोन लावते. कक्षसेवक स्ट्रेचर दारात आणतो.

वैद्यकीय अधीक्षक आले की वर्गवारी दुसऱ्या डॉक्टरकडे जाते आणि ड्युटीवरचा डॉक्टर लाल कक्षात जातो. अधीक्षकांनी मात्र स्वतः उपचार करायचे नसतात. खाटा किती, औषधं किती, कुणाला कुठे पाठवायचं, हे निर्णय त्यांचे. फार्मासिस्ट साठा पाहतो, लिपिक नोंदी ठेवतो आणि नातेवाईकांना वेगळ्या टेबलावर माहिती देतो. फाटकावर पोलीस लागतो, नाहीतर गर्दीने रुग्णवाहिकेची वाट अडते.

फोन कुणाला?

पहिला फोन १०८ ला, दुसरा अधीक्षकांना. अधीक्षक जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवतात. पोलिसांसाठी ११२, आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.

इथे एक गाठ असते. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतं, पण आजूबाजूची प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. मदतीला सर्वात जवळचे डॉक्टर याच केंद्रांत असतात. साखळीत दुसऱ्या अधिकाऱ्यांचा नंबर नसेल, तर ही मदत उशिरा येते.

निरोपही ठरलेला हवा: कुठे, काय झालं, किती जण, त्यातले गंभीर किती, आणि काय हवं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज रात्री वाचला जाईलच असं नाही, म्हणून प्रत्येकाने पुढच्या दोघांना फोन करायचा. नेटवर्क गेलं तर कुणी निरोप घेऊन जायचं, हेही लिहून ठेवायचं.

पुढे कुठे पाठवायचं?

या आकाराच्या रुग्णालयाचं काम रुग्णाला स्थिर करून पुढे पाठवण्याचं. मोठी शस्त्रक्रिया आणि जास्तीचं रक्त बहुतेक वेळा मोठ्या रुग्णालयातच मिळतं. तिन्ही लाल रुग्ण एकदम हिंगोलीला पाठवले, तर गर्दी फक्त जागा बदलते. म्हणून हिंगोली, परभणी आणि नांदेड इथे आधी विचारून रुग्ण वाटून द्यायचे आणि ज्याला शस्त्रक्रियेची सर्वात जास्त घाई आहे तो पहिल्या गाडीत.

योजना चालते की नाही, हे तपासायला फार खर्च येत नाही. न सांगता एखाद्या रात्री दोन वाजता पहिला फोन लावायचा आणि शेवटच्या माणसापर्यंत निरोप किती मिनिटांत पोहोचला ते मोजायचं. बदली होऊन गेलेल्या डॉक्टरचा नंबर यादीत अजून आहे का, हे तेव्हाच कळतं.